क्लच प्लेट बदलली, तरी घाटात पुन्हा स्लिप: गिअरबॉक्स खाली घेण्याआधी काय पाहायचं

तक्रार साधारण अशी असते. बेळगाव शहरात, खानापूरपर्यंत किंवा निपाणीच्या हायवेवर गाडी व्यवस्थित चालते. गोव्याला जातानाही काही जाणवत नाही, कारण चोर्ला घाट तिकडे जाताना उतरायचा असतो. परत येताना केरी सोडून चढ लागला, गाडीत चार माणसं आणि मागे सामान असलं, की ॲक्सिलरेटर दाबला तरी इंजिन नुसतं भरारतं. आरपीएमचा काटा वर जातो, गाडी तेवढी ओढत नाही आणि थोड्या वेळाने क्लच प्लेटवरचं लायनिंग, म्हणजे पकड देणारा घर्षणाचा थर, जळल्याचा वास येतो. सावंतवाडीहून आंबोली चढतानाही हाच अनुभव येतो. गॅरेजवाला सांगतो, प्लेट गेली. प्लेट बदलली जाते, काही महिने बरे जातात आणि पुढच्या हंगामात तीच तक्रार पुन्हा येते.

नीट वापरलेली क्लच प्लेट अनेक वर्षं टिकते. ती आठ-दहा हजार किलोमीटरमध्ये संपत असेल, तर दोष प्लेटचा नसतो. प्लेट पुरेशा जोराने दाबली जात नाही, किंवा दाबली जाऊनही तिला पकड मिळत नाही. या दोन्हीपैकी कुठलं, हे ठरवायला क्लच आत काय करतो एवढं डोळ्यासमोर असावं लागतं.

इंजिनच्या क्रँकशाफ्टच्या टोकाला फ्लायव्हील बसवलेलं असतं. प्रेशर प्लेट त्याच फ्लायव्हीलला बोल्टने आवळलेली असते, म्हणजे ही दोन्ही कायम इंजिनबरोबर फिरतात. त्यांच्या मधोमध क्लच प्लेट असते. ती इंजिनला कुठेच जोडलेली नसते, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवरच्या दात्यांवर, म्हणजे स्प्लाइनवर, पुढेमागे सरकू शकते. पेडल मोकळं असताना प्रेशर प्लेटमधली डायफ्रॅम स्प्रिंग क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर चेपून धरते, तिघं एकत्र फिरतात आणि ताकद गिअरबॉक्समध्ये जाते. पेडल दाबलं की केबल फोर्कला ओढते, फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो, बेअरिंग डायफ्रॅमच्या बोटांवर, म्हणजे मध्याकडे आलेल्या पट्ट्यांवर, दाब देतं, प्रेशर प्लेट जराशी मागे सरकते आणि क्लच प्लेट मोकळी होते. हे मागे सरकणं फार थोडं असतं, एखाद-दोन मिलिमीटरच्या हिशेबातलं. म्हणून केबलमधला थोडासा फरकही इतका महागात पडतो.

आता सपाट रस्त्यावर ठीक आणि घाटातच स्लिप का? क्लच किती टॉर्क पेलू शकतो हे तीन गोष्टींवर ठरतं: स्प्रिंगचा दाब, लायनिंगचं घर्षण आणि प्लेटची सरासरी त्रिज्या. प्लेटला दोन बाजू असल्यामुळे दोनने गुणायचं. 1.2 लिटरच्या पेट्रोल गाडीचं उदाहरण घेऊ. दाब 3,500 न्यूटन, घर्षण गुणांक 0.3 आणि सरासरी त्रिज्या 78 मिमी धरली, तर 2 × 0.3 × 3,500 × 0.078 म्हणजे सुमारे 164 न्यूटन मीटर येतात. असं इंजिन जास्तीत जास्त 110 ते 115 न्यूटन मीटर देतं, म्हणजे क्लचकडे चांगली शिल्लक असते. लायनिंगवर तेल आलं आणि गुणांक निम्मा झाला की क्षमता 82 वर येते. सपाट रस्त्यावर साठच्या वेगाने जाताना इंजिन त्याच्या निम्मादेखील टॉर्क देत नसतं, त्यामुळे काहीच कळत नाही. घाटात पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की मागणी 82 च्या पुढे जाते आणि प्लेट घसरते. म्हणजे घाटाने क्लच बिघडवलेला नसतो, आधीच कमी झालेली ताकद तिथे उघडी पडते.

आधी खरंच स्लिप आहे का ते पाहा

पिकअप कमी आहे, या एका लक्षणावर प्लेट बदलून घेणारे बरेच भेटतात. एअर फिल्टर तुंबला, इंधनाचा दाब कमी झाला किंवा ब्रेक चिकटून राहिला तरी गाडी ओढत नाही. फरक एकाच ठिकाणी दिसतो: त्या दोषांत आरपीएम वाढतच नाही, स्लिपमध्ये आरपीएम वाढतो आणि वेग वाढत नाही.

क्लच पूर्ण धरलेला असताना एका गिअरमध्ये वेग आणि आरपीएम यांचं प्रमाण बदलूच शकत नाही. ते आधी सपाट रस्त्यावर टिपून घ्या. समजा चौथ्या गिअरमध्ये 50 च्या वेगाला 2,000 आरपीएम दिसतात. मग मोकळ्या चढावर, वंटमुरी घाटासारख्या ठिकाणी मागेपुढे गाडी नसताना, चौथ्यातच 50 वरून ॲक्सिलरेटर पूर्ण द्या आणि सोबतच्या माणसाला काटे वाचायला सांगा. वेग 52 झाला तर आरपीएम 2,080 च्या आसपास हवेत. ते 2,600 दिसले, तर वरचे 520 फेरे नुसत्या घासण्यात जात आहेत. त्या वेळी क्लचमधून 100 न्यूटन मीटर जात असतील, तर 520 आरपीएमच्या फरकाने सुमारे साडेपाच किलोवॅट उष्णता प्लेटवर तयार होते, पाच-साडेपाच इस्त्र्या एकदम लावल्यासारखी. म्हणून ही चाचणी पाच-सहा सेकंदांच्या वर चालवू नका आणि वास आला की तिथेच थांबा.

हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा आणि इंजिन बंद पडतं का बघायचं, ही पद्धत सगळ्यांना माहीत आहे. इंजिन लगेच बंद न पडता चालू राहिलं तर क्लच खूपच गेलेला आहे, इतकं त्यातून समजतं. बंद पडलं म्हणजे क्लच चांगला, असं मात्र धरू नका. क्षमता निम्मी झालेला क्लचही या चाचणीत इंजिन बंद पाडतो.

पहिला संशय: पेडलची मोकळी चाल

केबलच्या गाड्यांत वारंवार स्लिप होण्याचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित कारण हे आहे. लायनिंग झिजत गेलं की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलच्या जवळ सरकते आणि डायफ्रॅमच्या बोटांची टोकं उलट दिशेला, गिअरबॉक्सकडे येतात. म्हणजे ती रिलीज बेअरिंगच्या अंगावर येतात. केबलमध्ये ढिलाई असेल तर बेअरिंग मागे सरकून जागा देतं. ढिलाई संपली की बेअरिंग बोटांवर कायम टेकलेलं राहतं. पेडलवर पाय नसतानाही क्लच जरासा दाबलेलाच असतो, स्प्रिंगचा पूर्ण दाब प्लेटवर पोहोचत नाही, प्लेट घसरते, आणखी झिजते आणि बोटं आणखी पुढे येतात. एकदा हे चक्र सुरू झालं की नवी प्लेटही काही महिन्यांत जाते.

तपासायला पाय वापरू नका. पायाला एवढा बारीक फरक कळत नाही. पेडलशेजारी स्केल उभी धरा आणि पेडल हाताने, दोन बोटांनी दाबा. हलकं जाऊन जिथे अचानक जड लागतं तिथपर्यंतचं अंतर ही मोकळी चाल. बहुतेक लहान केबल गाड्यांत ती 15 ते 25 मिमी असते. तुमच्या गाडीच्या पुस्तकात दिलेला आकडा अंतिम माना. बॉनेट उघडून फोर्कच्या बाहेरच्या दांड्यावरही बघता येतं: तो हाताने हलवला की 2 ते 4 मिमी मोकळा हलायला हवा. अजिबात हलत नसेल तर बेअरिंग टेकलेलं आहे.

दांड्याकडच्या टोकाला ॲडजस्टिंग नट आणि बहुधा एक लॉक नट असतो. लॉक नट सैल करून केबल ढिली सोडायची, चाल मापात आणायची, लॉक नट आवळायचा. पेडल दहा-बारा वेळा पूर्ण दाबून सोडायचं आणि पुन्हा मोजायचं, कारण केबल बसली की माप बदलतं. नंतर रिव्हर्सची खात्री करा. इंजिन आयडलला ठेवून पेडल पूर्ण दाबा, तीन-चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. खर्र असा आवाज आला तर केबल जास्तच ढिली झाली आहे. आता क्लच पूर्ण सुटत नाही, प्लेट फ्लायव्हीलला घासतच राहते. स्लिप घालवायच्या नादात हा उलटा दोष ओढवून घेणं गॅरेजमध्येही चालतं, आणि मग गिअरबॉक्सला दोष दिला जातो.

चाल बरोबर लावूनही आठवड्याभरात पुन्हा संपत असेल तर तीन गोष्टी बघा: लॉक नट फिरतो का, केबलचं बाहेरचं आवरण टोकाला चेपलं किंवा फाटलं आहे का, आणि केबल आत अडकल्यामुळे पेडल सावकाश वर येतं का. कणकुंबी-जांबोटी भागात पावसाळाभर उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत केबल गंजून जड होणं नेहमीचं आहे. गंजलेली केबल ग्रीस लावून वाचवू नका, बदला. हे सगळं ठीक असूनही चाल भराभर कमी होत असेल, तर प्लेटच झपाट्याने झिजते आहे आणि कारण आत आहे.

हायड्रॉलिक क्लचमध्ये झिजेचा फरक तेल आपोआप भरून काढतं, म्हणून तिथे चालीकडे कुणी बघत नाही. पण मास्टर सिलिंडरच्या पुशरॉडला थोडी ढिलाई लागतेच. ती नसली तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि टाकीकडे तेल परत जाण्याचं बारीक छिद्र झाकलेलं राहतं. मग अडकलेलं तेल इंजिनच्या उष्णतेने फुगतं आणि बेअरिंगला पुढे ढकलत राहतं. थंड गाडी ठीक, तासभर चालवली की स्लिप, असं असेल तर आधी हेच तपासा.

दुसरा संशय: तेल, आणि ते पुन्हा का येतं

चाल बरोबर आहे, गाडी थंड असताना ठीक चालते, तापली की घसरते आणि वासात तेलाचा धूर मिसळलेला आहे. अशा वेळी गाडी उचलून बेल हाउसिंगचा, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या घंटेसारख्या भागाचा, तळ बघा. तिथे छिद्र किंवा छोटी पट्टी असते. ती ओलसर असेल तर दोनच वाटा आहेत. क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलमधून इंजिन ऑइल येतं, किंवा इनपुट शाफ्टच्या सीलमधून गिअर ऑइल. बोटावर घेऊन पाहा: इंजिन ऑइल काळं आणि पातळ असतं, गिअर ऑइल जास्त दाट आणि त्याला गंधकाचा उग्र वास असतो. डिपस्टिकची पातळी उतरत असेल तर पहिलं खरं.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत बघू. पेट्रोल हॅचबॅक, केबल क्लच, लाखभर किलोमीटर चाललेली. तेलामुळे स्लिप आली म्हणून मागचा सील आणि प्लेट बदलली. नऊ हजारांवर पुन्हा तेच. चाल मोजली तर 18 मिमी, म्हणजे केबल निर्दोष. बेल हाउसिंगखाली काळं तेल. सहज निघणारा निष्कर्ष म्हणजे सील नकली होता किंवा वाकडा बसवला. तसं होऊ शकतं. पण सील पुन्हा बदलण्याआधी इंजिनच्या पोटातला दाब बघायला हवा.

पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू कायम खाली क्रँककेसमध्ये उतरतो. पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि ब्रीदरचा पाइप तो वायू परत इनटेकमध्ये नेऊन जाळतात. ही वाट काजळीने तुंबली की पोटात दाब साठतो आणि तो सगळ्यात सोप्या जागेतून तेल बाहेर ढकलतो. ती जागा बहुधा क्रँकशाफ्टचा सील असते. अशा इंजिनमध्ये कितीही चांगला सील बसवा, तो गळणारच. तपासणी पाच मिनिटांची आहे. आयडलवर पीसीव्ही व्हॉल्व्ह बाहेर काढून त्याच्या तोंडावर अंगठा ठेवा, ओढ जाणवायला हवी. इंजिन बंद करून व्हॉल्व्ह कानाजवळ हलवला तर आत टकटक वाजायला हवं. ओढ नाही आणि आवाजही नाही, तर व्हॉल्व्ह चिकटला आहे. नवा व्हॉल्व्ह टाकून, पाइप साफ करून आयडलवर ऑइलचं झाकण काढून पाहा. तरीही जोराने फुंकर आणि धूर येत असेल तर रिंगा झिजल्या आहेत. मग क्लचचा खर्च करण्याआधी इंजिनचं काय करायचं ते ठरवा.

आपल्या उदाहरणात व्हॉल्व्ह चिकटलेला निघाला. तो आणि पाइप बदलल्यावर झाकणातली फुंकर थांबली, आणि मगच गिअरबॉक्स खाली घेण्यात अर्थ होता. गिअर ऑइल गळत असतं तर हाच प्रश्न वेगळ्या रूपात आला असता: ऑइल पातळीच्या वर भरलं आहे का, इनपुट शाफ्टचं बेअरिंग झिजून शाफ्ट हलतो आहे का. हलणारा शाफ्ट नवा सीलही लवकर खातो.

गिअरबॉक्स खाली आल्यावर

तेल लागलेली प्लेट पेट्रोलने धुऊन परत बसवू नका. लायनिंग तेल आत शोषून घेतं आणि तापलं की ते पुन्हा वर येतं. प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हील धातूचे आहेत, ते साफ होतात. पण पुन्हा पुन्हा घसरलेल्या क्लचची प्रेशर प्लेट जुनीच ठेवणं ही खोटी काटकसर आहे. सतत तापून डायफ्रॅमची ताकद उतरते आणि नव्या प्लेटला पुरेसा दाब मिळत नाही. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा सेट एकदम घाला. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी तीच असते.

फ्लायव्हीलवर निळे डाग, केसासारख्या भेगा किंवा आरशासारखी चकाकी दिसली तर ते ग्राइंड करावं लागतं. उद्यमबागेत सरफेस ग्राइंडिंग करणारी चांगली शॉप आहेत, त्यासाठी लांब जायला नको. घासताना दोन गोष्टी सांगा. पृष्ठभाग सपाट असेल तर फक्त डाग जाण्यापुरतंच काढायचं. प्रेशर प्लेट बसते तो कडेचा भाग वेगळ्या पातळीवर असेल, तर दोन्हींमधलं अंतर मूळ होतं तेवढंच राहिलं पाहिजे, नाहीतर स्प्रिंगचा दाब बदलतो. खोल भेगा असतील तर ग्राइंडिंग नाही, बदलीच. डिझेल गाड्यांत ड्युअल मास फ्लायव्हील, म्हणजे मध्ये स्प्रिंगा असलेलं दोन भागांचं फ्लायव्हील, असेल तर ते लेथवर देऊ नका.

प्लेटवर कुठली बाजू फ्लायव्हीलकडे ते लिहिलेलं असतं. उलटी बसली तर क्लच सुटत नाही. स्प्लाइनला ग्रीस अगदी पुसट, जास्तीचं फडक्याने पुसून. इथे लावलेलं मटाराएवढं जादा ग्रीससुद्धा फिरताना उडून नव्या लायनिंगवर जातं. लायनिंगला बोट लावू नका. सेंटरिंग टूलने प्लेट मधोमध धरून प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, थोडे थोडे आवळा. लहान गाड्यांत हा टॉर्क साधारण 20 ते 25 न्यूटन मीटर असतो. एक बाजू आधी पूर्ण आवळली तर कव्हर वाकतं आणि गाडी जागेवरून निघताना थरथरते. केबल पुन्हा मापात लावा, कारण नव्या प्लेटला जुनं माप चालत नाही.

चालवण्यातला भाग

तेल नाही, चाल बरोबर आणि तरीही प्लेट जळून येते, तर उष्णता पायातून येते आहे. चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणं हे त्यातलं मुख्य. 1,100 किलोची गाडी 10 टक्के चढावर पहिल्या गिअरमध्ये नुसती जागेवर धरायला क्लचमधून सुमारे 20 न्यूटन मीटर जावे लागतात. इंजिन 900 आरपीएमवर आणि चाकं स्थिर, म्हणजे दोन किलोवॅटच्या जवळ उष्णता, आणि गाडी इंचभरही पुढे नाही. टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर थांबताना न्यूट्रल आणि हँडब्रेक, एवढंच. चिकोडी-संकेश्वरकडे कारखान्यांच्या हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्यांमागे चढताना दुसऱ्यात हाफ क्लच करून रांगण्यापेक्षा पहिल्यात क्लच पूर्ण सोडून चाला, किंवा अंतर पडू द्या आणि मग निघा. पेडलवर पाय टेकवून चालवायची सवय असेल तर वर लावलेली 20 मिमीची चाल पायाच्या वजनानेच खाल्ली जाते.

नवा सेट बसल्यावर पहिले 400-500 किलोमीटर पूर्ण ॲक्सिलरेटर, दुसरी गाडी ओढणं आणि भरलेल्या गाडीने घाट टाळा, म्हणजे लायनिंग फ्लायव्हीलवर सगळीकडून सारखं बसतं. सुरुवातीला थोडा वास येतो, तो स्लिपचा नसतो. 1,000 किलोमीटरवर स्केल घेऊन चाल पुन्हा मोजा आणि आकडा लिहून ठेवा. त्यानंतर दर सर्व्हिसला तोच आकडा बघा आणि गाडी वर असताना बेल हाउसिंगच्या तळावर कोरडं फडकं फिरवा. दर सर्व्हिसला चाल एखाद-दोन मिलिमीटरनेच कमी होत असेल तर झीज नेहमीची आहे, ॲडजस्ट करून पुढे चला. एकाच सर्व्हिसच्या अंतरात ती निम्मी झाली, किंवा फडक्यावर काळा डाग आला, तर स्लिप जाणवण्याची वाट न बघता गाडी आत घ्या. त्या टप्प्यावर प्लेट बहुधा वाचते आणि काम नटावर किंवा सीलवर भागतं.